नमुन्याच्या फोटोतला हात

सूनबाईच्या ऑफिसात नियम एकच होता, पण तो मोठा कडक होता: पानाकडे बघा, हाताकडे बघू नका.

ऑफिस कसलं, रोपवाटिकावाल्यांच्या संघाची एक लांबट खोली. संगणकाचे दोन पडदे, एक पंखा, खिडकीत ओळीने मांडलेल्या कुंड्या. दिवसभर लोक आपल्या झाडांचे फोटो पाठवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, हे पान असं का झालं? पाठवणाऱ्याचं नाव वरच्या वर गाळलं जाई. खाली उरे ते पान आणि ते धरणारी दोन बोटं. मातीची बोटं, मेंदीची बोटं, नखं कुरतडलेली बोटं. बोटांवरून माणूस ओळखू यायला लागला की निकाल वाकडा पडतो, असं भिंगवाले सर म्हणत. हे सर म्हणजे तिथले सर्वांत जुने तपासनीस. गळ्यात काळ्या दोरीला भिंग लटकलेलं. जेवतानासुद्धा ते काढत नसत, त्यामुळे भिंगाला नेहमी आमटीचा एखादा थेंब असायचा.

सूनबाई हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. सासरे तिला सूनबाई म्हणत, एकदा ऑफिसात फोन करून त्यांनी "आमच्या सूनबाईला द्या" म्हटलं आणि तेव्हापासून तिथेही ती सूनबाईच झाली. असली नावं एकदा चिकटली की धुऊनही जात नाहीत.

काम म्हणजे तीन खणांत फोटो टाकायचे. जन्माचं, रोगाचं, भुकेचं. ऐकायला सोपं, करताना घाम फुटतो. काही पानं जन्मतःच रंगीत असतात. पांढरा पट्टा, पिवळी कड, चंदेरी ठिपका. तो रंग जिथे संपतो तिथे बहुधा स्वच्छ संपतो आणि पान बाकी धडधाकट असतं. पुष्कळदा तोच पट्टा देठातून खोडावर उतरलेला दिसतो, कारण त्या झाडाची ती बाजूच तशी घडलेली असते. भुकेचं पान निराळं. त्यात एक शिस्त असते. डावीकडे पिवळं तर उजवीकडेही तितकंच पिवळं, लोह कमी पडलं तर कोवळी पानं आधी फिकी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी पानं आधी. उपाशी माणूस जसं आधी साठवणीतलं खातो, तसंच झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं; पण लोह त्याला तसं हलवता येत नाही. आणि रोगाच्या पानात ना शिस्त, ना स्वच्छ कड. तुटक, पुसट, सांडल्यासारखं. एक पान असं तर पुढचं तसं, कुठे सुरकुती, कुठे फुगवटा.

वर आणि फोटो ही महाठक वस्तू. फ्लॅश मारला की हिरवं पांढरं दिसतं. संध्याकाळच्या उन्हात सगळीच झाडं उपाशी दिसतात. चंदेरी पान उजेडासमोर धरलं तर त्याची चांदी गायबच होते, कारण तो रंग नसतोच मुळी, सालीखालची हवा असते.

सूनबाईला हे काम आवडायचं, फार आवडायचं. दुपारी खोलीतला पंखा एका लयीत फिरत असे, खिडकीतल्या कुंड्यांमधून हिरवा उजेड टेबलावर पडे आणि तिला वाटे, आपण एका मोठ्या पानाच्या आत बसलोय. डोळे मिटले तरी पानंच. शिरांच्या वाटा, वाटांच्या वाटा, आणि त्यातून कुठेतरी सावकाश पाणी चाललेलं. नवरा म्हणायचा, तू झोपेत "जन्माचं, जन्माचं" पुटपुटतेस. म्हणू दे. फिरतीच्या नोकरीतला माणूस, महिन्यातून चार दिवस घरी, त्याला बायकोची झोप तरी किती ठाऊक.

त्या दुपारी आलेला फोटो कर्दळीचा होता. रुंद हिरवं पान, त्यावर मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या फिकट पिवळ्या रेघा. मागून ऊन. आणि पान धरणारा अंगठा. त्या अंगठ्याचं नख मधोमध उभं फाटलेलं, बिजागरीत सापडल्यावर जसं वाढलं तसंच राहिलेलं.

सूनबाईने हाताकडे बघितलं. नियम मोडला. सासऱ्यांचा अंगठा होता तो.

खाली मजकूर होता: "आमच्या जुन्या ठोंबाला हे नवं पट्ट्याचं पान आलं आहे. नवी जात निघाली असं वाटतं. कृपया रीतसर कळवावे."

रीतसर! एकाच घरात राहणारा माणूस, सकाळी तिच्याच हातचा चहा घेतलेला. पण बाबा तसेच. घरच्या सुनेनं "छान आहे हो" म्हटलं तर त्याला काय किंमत? संघाचा निकाल पाहिजे. सूनबाईला आधी हसू आलं आणि मग ते ओठावरच थांबलं.

कारण तो जुना ठोंब सासूबाईंचा होता.

सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. अंगणाच्या भिंतीलगत त्यांनी कर्दळीचा एक लांब वाफा केला होता, गडद लाल फुलांचा, पाहुणे दारातूनच विचारत असा. त्या गेल्यावर बाबा बोलायचेच थांबले. खुर्चीत बसून असत, चहा निवून जाई. मग या हंगामात एक दिवस उठले, खुरपं घेतलं, वाफा उकरला, गड्डे फोडले, पुन्हा लावले. तेव्हापासून सकाळी त्यांचा आवाज घरात ऐकू येऊ लागला होता. आणि कालपरवापासून तर ते गुणगुणत होते. शेजारच्या काकूंना, कोपऱ्यावरच्या घड्याळजींना, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, रविवारी सगळ्यांना एकेक कंद देणार आहे, काय ते तेव्हा बघा. तिच्या नावाची कर्दळ, असं काहीसं ते म्हणाले होते. सूनबाईने तेव्हा भाजी चिरता चिरता नुसतं हं म्हटलं होतं.

आता कळलं, कसली कर्दळ.

नियमाने तिने तो फोटो सरांकडे सरकवायला हवा होता. घरचं पान घरच्याने बघू नये. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे काही फक्त मुलांनाच लागू नसतं. पण तिने सरकवला नाही. जन्माचं असेल, असं तिच्या मनाने आधीच ठरवून टाकलं होतं आणि डोळे मागाहून पुरावे गोळा करत होते. रेघा शिरांच्या दिशेनेच आहेत, पट्ट्याच्या कर्दळीतही तशाच असतात. पान फाटलेलं नाही. रंग सुरेख आहे.

तरी हाताला सवय असते. तिने ठरलेलं उत्तर धाडलं: "एका पानावरून सांगता येत नाही. सावलीत, फ्लॅशविना फोटो पाठवा. पूर्ण ठोंब, खोड, खालचं जुनं पान, वरचं नवं पान, आणि शेजारचा ठोंब."

अर्ध्या तासात फोटो आले. म्हातारा माणूस, उत्साह दांडगा. एकात चप्पल, एकात पाण्याची नळी, एकात स्वतःचीच सावली. सूनबाई एकेक उघडत गेली आणि तिचं मन एकेक पायरी खाली उतरत गेलं. रेघा अखंड नव्हत्या. जवळून बघता त्या तुटक होत्या, दोऱ्यातून मणी निसटावेत तशा, कुठे गडद, कुठे पुसट, कडा विरलेल्या. खोडावर पट्टा नव्हता. भुकेचं म्हणावं तर पानाचे दोन भाग एकमेकांशी जुळत नव्हते. एका बाजूला गर्दी, दुसरीकडे चार रेघा. खालच्या पानावर तर त्याच रेघा तपकिरी होऊन वाळल्या होत्या. आणि एकच फुटवा नाही, त्या ठोंबाचे तीन फुटवे. शेवटच्या फोटोत, कडेला, फोकस नसलेल्या शेजारच्या ठोंबावरही तसंच काहीतरी फिकट सांडलेलं.

जिथे शंका येईल तिथे नमुना उघडायचा, ही रीत. प्रत्येक झाडाचा एक नमुन्याचा फोटो संगणकात होता. रोगट कर्दळीचा नमुना सूनबाईला तोंडपाठ होता. नोकरीला लागल्या दिवशी सरांनी पहिला तोच दाखवला होता, "असा स्पष्ट फोटो पुन्हा मिळाला नाही बघा." नंतर किती नवशिक्यांना तिने स्वतः तो दाखवला. तिने तो उघडून बाबांच्या फोटोशेजारी ठेवला.

रेघा जुळत होत्या. हुबेहूब. तिने मान टेकवून डोळे मिटले. पापण्यांच्या आत दोन्ही पानं एकमेकांवर येऊन बसली आणि कुठे एक संपतं, कुठे दुसरं सुरू होतं ते कळेना. ती त्या पिवळ्या वाटांवरून चालत राहिली. वाटा तुटत होत्या, पुढे पुन्हा लागत होत्या, आणि टोकाला कुणीतरी पान धरून उभं होतं.

डोळे उघडले तेव्हा एकदा नियम मोडलेली नजर आपोआप नमुन्यातल्या हाताकडे गेली.

बाईचा हात. मधल्या बोटात अंगठी. अनामिकेचं पेर सुजलेलं, म्हणून अंगठी शेजारच्या बोटात घातलेली. आणि पानामागे, अगदी कोपऱ्यात, निळ्या टबाची कड. चिरलेली, तांब्याच्या तारेने शिवलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. इतकी वर्षं ती या फोटोकडे बघत होती आणि सासूबाईंचा हात तिने पाहिलाच नव्हता.

तो टब तिला नुसता ठाऊक नव्हता, तो तिच्या काळजात रुतलेला होता. लग्न होऊन या घरी आली तेव्हा माहेरच्या अंगणातला कर्दळीचा एक कंद तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. शेंदरी फुलांची, आईने लावलेली. वाटलं होतं, सासूबाई वाफ्यात आपल्या कर्दळीशेजारी लावतील. लावलाही होता थोडे दिवस कुंडीत, कौतुकाने. मग पहिली दोन पानं उलगडली आणि सासूबाईंनी तो उचलून मोरीमागे, त्या फुटक्या टबात नेऊन टाकला. त्याला लावायची सुरीसुद्धा वेगळी. मुठीला चिंधी बांधलेली. त्याला हात लावला की साबणाने हात धुवायच्या. कुणी पाहुणीने "शेंदरीचा एक कंद द्या ना" म्हटलं की सासूबाई पटकन म्हणत, "ती नको, ही लाल घ्या." सूनबाईच्या देखत. तिने तोंडातून ब्र काढला नाही, पण मूग गिळून बसणाऱ्याच्या पोटातही मूग उगवतातच. सासूबाईंशी ती कायम नीट वागली, औषधपाणी केलं, शेवटी उशाशी बसली. पण मोरीमागे मात्र ती पुन्हा कधी गेली नाही.

"सर," तिने हाक मारली. "हा नमुना कुणी दिला होता?"

सरांनी भिंग न लावताच बघितलं. "नाव नाही आठवत. एक बाई आल्या होत्या, स्वतः. पान कापडात गुंडाळून. तेव्हा मी इथे एकटाच. प्रयोगशाळेत पाठवून खात्री केली, विषाणू निघाला. मी सांगितलं, उपटा आणि जाळा, इलाज नाही याला. तर त्या जागच्या हलेनात. म्हणाल्या, नाही जाळलं तर काय काय सांभाळायचं ते सांगा. मी म्हटलं, बाई, एका कर्दळीसाठी एवढा खटाटोप? बाजारात ढिगाने मिळते. तर म्हणाल्या, ही बाजारातली नाही."

"मग?"

"मग काय, सांगितलं. लांब ठेवा, हत्यार वेगळं, हात धुवा, किडे बसू देऊ नका, कुणाला कंद देऊ नका. चिडूनच सांगितलं मी. कोण पाळतंय एवढं?"

सूनबाईला एक संध्याकाळ आठवली. ही नोकरी लागल्याचं तिने सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पगार विचारला नव्हता, वेळ विचारली नव्हती. एवढंच विचारलं होतं, "तिथे जुने फोटो ठेवतात का गं?" "ठेवतात, पण नाव गाळून," ती म्हणाली होती. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि दाणे निवडू लागल्या.

तिने खुर्ची मागे सारली. "सर, तो दुसरा फोटो माझ्या घरचा आहे. मी बघायला नको होता. तुम्ही बघा."

सरांनी खूप वेळ बघितलं. "संशय रोगाचाच. खात्रीला पान आणून द्या. तोवर कंद कुणाच्या हातात पडता कामा नये."

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा वाफ्याशी स्टुलावर बसले होते, मांडीवर ओलं फडकं, आणि शेजारी कंद गुंडाळायला घेतलेली जुनी वर्तमानपत्रं. तिला बघून उभे राहिले, शाळेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. "आला का निकाल?"

ती आधी मोरीमागे गेली. टब पालथा पडला होता. रिकामा.

"बाबा, यातली कर्दळ कुठे आहे?"

"ती होय!" बाबांचा चेहरा उजळला. "वाफ्यात आणली. हे काय, पहिल्या जागेवर. तुझ्या माहेरची ती, इतकी वर्षं मोरीच्या पाण्यावर. मला कधी बघवलं नाही गं ते, पण तुझ्या सासूपुढे कोण बोलणार? म्हटलं तिच्यामागे तरी तिला मानाने बसवू. आधी तीच फोडली, मग बाकीचे ठोंब फोडत गेलो."

"एकाच सुरीने?"

"मग काय, प्रत्येकाला वेगळी सुरी घेऊ?" ते हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसू थांबलं.

सूनबाईने सांगितलं. सगळं, एका दमात, त्यांच्या समोर मातीत बसून. ही नवी जात नाही. हा रोग आहे, माझ्या कंदातून आलेला. सासूबाईंना ठाऊक होतं. सांगताना तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही, इतक्या वर्षांचं होतं ते.

बाबा वाफ्याकडे बघत राहिले. पिवळी झाक मारणारी ती पानं तिरप्या उजेडात खरोखरच सुंदर दिसत होती, हे तिलाही नाकारता येईना. रोगाला सौंदर्य असू नये असा काही नियम नाही.

"रविवारी शेजारच्या काकूंना काय सांगू?" शेवटी ते म्हणाले.

"सांगा, कर्दळ आजारी आहे."

तिने स्वतःच पान कापून पिशवीत घातलं. आठवड्याने प्रयोगशाळेचं उत्तर आलं. तोवर बाबांनी वाफ्याला हात लावला नाही, आणि ते गुणगुणलेही नाहीत. उत्तर तेच होतं.

वाफा उकरला त्या सकाळी दोघंच होते. ज्या ज्या ठोंबाला ती सुरी लागली होती, तो प्रत्येक ठोंब काढायचा, पान हिरवं दिसलं तरी. बाबा खणत होते, सूनबाई गोणीत भरत होती. एकही तुकडा मातीत राहू नये म्हणून दोघंही बोटांनी माती चाळत होते. भिंतीच्या टोकाचा एक लाल ठोंब तेवढा राहिला. फोडता फोडता बाबांची कंबर धरली होती, म्हणून तो तसाच सुटला होता. त्याच्यावर रेघ नव्हती. त्याचा फोटो दर आठवड्याला सरांना पाठवायचा ठरलं, रीतसर.

सगळ्यात शेवटी पहिल्या जागेवरची शेंदरी उरली. बाबांनी खुरपं खाली ठेवलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चिंधी बांधलेली सुरी होती. मोरीच्या खिडकीत ती तशीच टांगलेली होती.

"हिनेच काढ. तिने दुसऱ्या सुरीने काढू दिली नसती."

सूनबाईने ती मूठ धरली. चिंधी जुन्या साडीची होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिने शेंदरी कर्दळीचा गड्डा सोडवला, माती झटकली, आणि आईच्या अंगणाचा तो शेवटचा तुकडा गोणीत ठेवून तोंड बांधलं. वाळला की जाळायचा.

बाबा स्टुलावर बसले. "मला का नसेल सांगितलं तिने? मी काय परका होतो?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"काय म्हणजे? त्याच दिवशी उपटून फेकली असती."

मग सुरी उचलून ते फाटक्या नखाचा अंगठा चिंधीवरून हळूच फिरवत म्हणाले, "म्हणूनच नाही सांगितलं."